तळ आणि छत : डिझेल इंजिनाला इतकं कॉम्प्रेशन का लागतं

आयटीआयपासून इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत इंजिन शिकवण्याच्या स्लाइड जवळजवळ एकाच साच्यातल्या असतात. आधी चार चौकटींत पेट्रोल इंजिनाचे सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर आणि एक्झॉस्ट हे चार स्ट्रोक येतात. पुढच्या चार चौकटींत तेच डिझेलचे, फक्त स्पार्क प्लगच्या जागी इंजेक्टर. शेवटी दोघांची तुलना करणारा तक्ता असतो. त्यात ‘कॉम्प्रेशन रेशो’ या ओळीत पेट्रोलपुढे ६ ते १० आणि डिझेलपुढे १४ ते २२ असं लिहिलेलं असतं. हा फरक जवळपास दुपटीचा आहे, पण तो का, याला त्या तक्त्यात रकाना नसतो.

वर्गात हा प्रश्न विचारला, की सहसा चार उत्तरं मिळतात. डिझेल हे जड तेल आहे, म्हणून ते जास्त दाबावं लागतं, हे पहिलं. डिझेलला जास्त ताकद हवी असते, हे दुसरं. जास्त कॉम्प्रेशनने कार्यक्षमता वाढते, हे तिसरं. आणि डिझेलला स्पार्क प्लग नसतो, म्हणून हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटवावं लागतं, हे चौथं. पहिलं उत्तर चूक आहे, दुसरं कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतं, तिसरं अर्धं बरोबर आहे आणि चौथं बरोबर असलं तरी अपुरं आहे. या चारही उत्तरांचा आढावा घेतला, की एक सरळ चित्र उभं राहतं. डिझेलचं कॉम्प्रेशन एका तळाखाली नेता येत नाही आणि पेट्रोलचं एका छतावर नेता येत नाही. हा तळ आणि हे छत कशाने ठरतं, हे कळलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

चार चौकटींत खरा फरक कुठे आहे

सक्शनच्या चौकटीपासून सुरुवात करू. पिस्टन खाली जातो, इनलेट व्हॉल्व्ह उघडा असतो. नेहमीच्या पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण आत येतं. ते कार्बोरेटरने केलेलं असो, की इनलेट पोर्टमध्ये फवारलेलं. डिझेल इंजिनात नुसती हवा येते. स्लाइडवर हा फरक बाणाच्या रंगाने दाखवलेला असतो आणि तिथेच सोडून दिलेला असतो. पुढचं सगळं मात्र या एका गोष्टीवरून ठरतं.

दुसऱ्या चौकटीत पिस्टन वर येतो, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. पेट्रोल इंजिनात आता इंधनासकट हवा दाबली जात असते, म्हणजे पेटायला तयार असलेला सगळा माल दाबाखाली आणि उष्णतेत सापडलेला असतो. डिझेलमध्ये दाबायला हवाच असते. ती कितीही तापली, तरी तिच्यात पेटण्यासारखं काही नसतं.

तिसऱ्या चौकटीत पेट्रोलच्या मिश्रणाला ठिणगी मिळते आणि ज्वाला प्लगपासून कडेकडे सरकत जाते. डिझेलमध्ये तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा मारला जातो आणि फवाऱ्याच्या कडेला, जिथे वाफ आणि हवा योग्य प्रमाणात मिसळलेली असतात, तिथे ते आपसूक पेट घेतं. चौथी चौकट, म्हणजे जळालेला वायू बाहेर टाकणं, दोन्हीकडे सारखीच.

या चित्रांत एक मोठी उणीव राहते. पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा दोन्ही इंजिनांत सारखीच काढलेली असते. मग तक्त्यातले १० आणि १७ हे आकडे डोळ्यांना कुठेच दिसत नाहीत. म्हणून एक खरं इंजिन घेऊन मोजून पाहू.

एक इंजिन, एक हिशोब

पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं टीव्ही-१ हे एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं डिझेल इंजिन देशभरातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आढळतं. त्याचा बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, क्षमता सुमारे ६६१ सीसी. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ते ५.२ किलोवॉट, म्हणजे सुमारे सात अश्वशक्ती देतं. कॉम्प्रेशन रेशो आहे १७.५.

रेशो म्हणजे पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले तो वर असताना उरलेली जागा. ६६१ ला १६.५ ने भागलं की उरलेली जागा मिळते सुमारे ४० सीसी. ती सिलिंडरभर सपाट पसरली आहे असं धरलं, तर तिची उंची भरते ६.७ मिमी. प्रत्यक्षात यातली बरीचशी जागा पिस्टनच्या डोक्यावर कोरलेल्या वाटीत असते, त्यामुळे पिस्टनची कड हेडच्या अगदी जवळ जाते. याच इंजिनाचा रेशो ९ ठेवायचा झाला, तर ही जागा ८३ सीसी आणि उंची पावणेचौदा मिलिमीटर करावी लागेल. स्लाइडवर पिस्टनच्या डोक्यावरची पट्टी एका चित्रात दुप्पट जाड काढली, तरी विद्यार्थ्याला अर्धी गोष्ट कळेल.

आता हवेचं काय होतं ते पाहू. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचं टोक हाताला गरम लागतं. तेच इथे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात घडतं. हवा झटकन दाबली, तर तिच्यावर केलेलं काम बाहेर निसटायला वेळ मिळत नाही आणि ते उष्णता होऊन हवेतच राहतं. हिशोबाचं सूत्र असं :

T2 = T1 × r^(n−1)

T1 आणि T2 ही आधीची आणि नंतरची तापमानं केल्व्हिनमध्ये, r हा कॉम्प्रेशन रेशो. n हा घातांक पुस्तकात १.४ असतो, पण थोडी उष्णता भिंतींत जाते आणि तापलेल्या हवेचे गुणधर्मही बदलतात, म्हणून चालत्या इंजिनासाठी १.३५ धरणं वास्तवाला जवळचं.

हवा ३० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०३ केल्व्हिनला आत आली. १७.५ चा ०.३५ वा घात येतो २.७२. म्हणून शेवटचं तापमान ८२५ केल्व्हिन, म्हणजे साधारण ५५० अंश सेल्सिअस. रेशो ९ असता, तर गुणक २.१६ आणि तापमान साधारण ३८० अंश. दाबाचं म्हणाल, तर हवा १७.५ पट दाबली म्हणून दाब १७.५ पट होतो, असा अनेकांचा समज असतो. तापमानही वाढत असल्यामुळे तो कागदावर ४७ बारपर्यंत जातो. इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि रिंगांवरून थोडी हवा निसटते, हे धरलं तरी तो चाळीसच्या आसपास राहतो.

डिझेलला हवे असतात ते हे ५५० अंश. दाबही उपयोगी पडतो, कारण दाट हवेत इंधनाला ऑक्सिजनची गाठ लवकर पडते. पण तापमान नसेल, तर नुसत्या दाबाने काहीच पेटत नाही.

२१० अंशांचा सापळा

इथे एखादा चौकस विद्यार्थी हात वर करतो आणि त्याचा प्रश्न रास्त असतो. याच स्लाइडमध्ये दुसरा एक तक्ता असतो : डिझेल आपोआप पेटण्याचं तापमान सुमारे २१० अंश, पेट्रोलचं त्याहून जास्त, २५० च्या पुढे. मग रेशो ९ वरच जर ३८० अंश मिळत असतील, तर डिझेलला १७ कशाला हवेत? आणि डिझेल जर पेट्रोलपेक्षा सहज पेटतं, तर कॉम्प्रेशन त्यालाच जास्त का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वेळेत आहे. आपोआप पेटण्याचं तापमान मोजताना गरम काचेच्या चंबूत इंधनाचे थेंब टाकतात आणि वाट पाहतात. ती वाट काही मिनिटांचीही असू शकते. २१० हा आकडा अशा संथ परीक्षेतला आहे. इंजिनाकडे तेवढा वेळ नसतो. १५०० फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात ९ अंश फिरतो. टीव्ही-१ मध्ये पंपाची वेळ पिस्टन वर पोचण्याच्या २३ अंश आधी लावलेली असते, म्हणजे फवाऱ्याची सुरुवात आणि वरचं टोक यांत फार तर अडीच मिलिसेकंद असतात. एवढ्यात इंधनाचे थेंब फुटायला हवेत, त्यांची वाफ व्हायला हवी, ती हवेत मिसळायला हवी, रासायनिक साखळी सुरू व्हायला हवी आणि ज्वाला दिसायला हवी. फवारा सुरू झाल्यापासून पेट घेईपर्यंतच्या या काळाला इग्निशन डिले म्हणतात. इंजिन नीट चालायचं, तर तो एका मिलिसेकंदाच्या आसपास राहावा लागतो. तापमान वाढलं की हा काळ नुसता कमी होत नाही, झपाट्याने आक्रसतो. चंबूत मिनिटं घेणारं इंधन काही शे अंश जास्त गरम हवेत मिलिसेकंदात पेटतं.

दुसरी अडचण अशी, की फवारा सुरू होतो तेव्हा कॉम्प्रेशन पूर्ण झालेलंच नसतं. २३ अंश आधी टीव्ही-१ चा पिस्टन वरच्या टोकापासून अजून सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास खाली असतो. त्या क्षणी हवा साडेसतरा नव्हे, जेमतेम दहा पट दाबली गेलेली असते आणि तिचं तापमान ४०० अंशांच्या आसपास असतं. उरलेले दीडशे अंश त्यानंतरच्या अडीच मिलिसेकंदांत मिळतात. इंजिनाचा रेशोच ९ असता, तर त्याच क्षणी हवा साडेसहा पट दाबलेली आणि ३१० अंशांवर असती. शिवाय वाफ होताना इंधन आजूबाजूच्या हवेची उष्णता ओढून घेतं ते वेगळंच. थोडं पुढे जावं, तर पिस्टन पुन्हा खाली निघतो आणि हवा थंड होऊ लागते. पेटण्याची खिडकी अरुंद असते आणि ती चुकली, की ते इंधन न जळताच धूर होऊन बाहेर पडतं.

तिसरी आणि सगळ्यांत निर्णायक अडचण म्हणजे थंड सुरुवात. डिसेंबरच्या पहाटे शेतातलं इंजिन सुरू करायचं आहे, हवा ८ अंशांवर आहे. लोखंड गारठलेलं आहे, ते हवेची उष्णता शोषतं. हँडलने फिरवताना वेग कमी, म्हणून रिंगांवरून हवा निसटायला भरपूर वेळ. हे सगळं धरण्यासाठी घातांक १.२५ घेतला, तर रेशो १७.५ वर तापमान मिळतं ३०० अंश. रेशो १२ वर २५०. आणि रेशो ९ वर मिळतात सुमारे २१५, म्हणजे चंबूतल्या आकड्याच्या जेमतेम काठावर. वेग कमी असल्यामुळे इंधनाला थोडा जास्त वेळ मिळतो खरा, पण तो मिलिसेकंदांतच, मिनिटांत नव्हे. गरम इंजिन १२ किंवा १३ रेशोवरही चालत राहू शकतं. गारठलेलं मात्र त्यावर सुरू होणं फार कठीण. डिझेलचा तळ ठरवते ती ही पहाट.

जुन्या एका सिलिंडरच्या शेतीपंपाच्या इंजिनावर डीकॉम्प्रेशनची मूठ असते ती याचसाठी. मूठ वर केली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबलीच जात नाही आणि माणसाला हँडल जोरात फिरवता येतं. फ्लायव्हीलला वेग आला की मूठ खाली सोडायची. मग साठलेल्या वेगाने हवा इतकी झटकन दाबली जाते, की उष्णतेला पळायला वाव मिळत नाही. मूठ खाली ठेवून हळूहळू हँडल मारणाऱ्याचं इंजिन सुरू होत नाही, आणि त्याचं कारण वरच्या सूत्रातल्या घातांकात आहे.

पेट्रोलचं छत

आता विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न. डिझेल सहज पेटतं, तरी कॉम्प्रेशन त्यालाच जास्त. हा विरोध वाटतो, कारण आपण दोन्ही इंजिनांना एकच परीक्षा लावतो. डिझेल इंजिनात इंधनाने आपोआप पेटावं अशी अपेक्षा असते. पेट्रोल इंजिनात ते आपोआप कधीही पेटू नये, ठिणगीची वाट पाहावी, अशी अपेक्षा असते. ज्वाला प्लगपासून निघून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्या टोकाचं मिश्रण शांत राहिलं पाहिजे. पण जळालेला वायू पसरत असताना हे उरलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. ज्वाला पोचण्याआधीच ते एकदम पेटलं, तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. तेच नॉकिंग. फार काळ चाललं, तर पिस्टनच्या डोक्यावर खड्डे पडतात, रिंगांमधली पट्टी तुटते.

कॉम्प्रेशन वाढवलं की हे शेवटचं मिश्रण जास्त तापतं, म्हणून नॉकिंग हेच पेट्रोल इंजिनाचं छत. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी चालू असतानाच रेशो बदलता येईल असं प्रयोगाचं इंजिन बनवलं आणि प्रत्येक इंधन किती कॉम्प्रेशनपर्यंत नॉक न होता टिकतं, ते मोजलं. छत इंधनावर अवलंबून आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. पुढे त्याचीच मोजपट्टी ऑक्टेन क्रमांकाच्या रूपाने आली. फांद्या फुटलेल्या रेणूचं आयसो-ऑक्टेन म्हणजे १००, सरळ साखळीचं हेप्टेन म्हणजे ०. डिझेलसाठी उलटी पट्टी आहे, सीटेन क्रमांकाची, आणि तिथे सरळ लांब साखळीचं सीटेन म्हणजे १००. लांब सरळ रेणू लवकर तुटतात आणि पेटतात. आखूड, फांद्या फुटलेले रेणू टिकून राहतात. त्यामुळे एका पट्टीवर वर असणारं इंधन सहसा दुसऱ्या पट्टीवर खाली असतं. भारतात बीएस-६ मानकाप्रमाणे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ आणि डिझेलचा सीटेन किमान ५१ असावा लागतो. दोन्ही आकडे गुणवत्तेचे, पण परस्परविरुद्ध गुणांचे.

इथे पहिलं उत्तर निकालात निघतं. डिझेल जड आहे म्हणून कॉम्प्रेशन जास्त, हे खरं नाही. हलकं पेट्रोल जर नुसत्या दाबाने पेटवायचं ठरवलं, तर त्याला डिझेलपेक्षाही जास्त गरम हवा लागेल.

मग १७.५ रेशोच्या डिझेल इंजिनात नॉकिंग का होत नाही? सक्शनच्या चौकटीकडे परत पाहा. कॉम्प्रेशन चालू असताना आत इंधन नसतंच, त्यामुळे वेळेआधी पेटायला काही नसतं. डिझेलचाही एक खडखडाट असतो. पण त्याचं कारण नेमकं उलट आहे. इग्निशन डिले लांबला, की पेट घेण्याआधी बरंच इंधन आत साठतं आणि मग ते सगळं एकदम जळतं. थंड इंजिन सकाळी जास्त वाजतं आणि तापल्यावर मऊ चालतं ते यामुळेच. उष्णता वाढवली की पेट्रोलचं नॉकिंग बळावतं आणि डिझेलचं शमतं. दोन्ही इंजिनं एकाच नियमाने चालतात : तापमान आणि वेळ मिळून इंधन पेटवतात. एकाला ते टाळायचं असतं, दुसऱ्याला घडवायचं असतं.

कार्यक्षमता : अर्धं बरोबर उत्तर

तिसऱ्या उत्तराकडे वळू. कॉम्प्रेशन वाढलं की कार्यक्षमता वाढते, हे खरंच. आदर्श ऑटो चक्रात रेशो ९ वर ती ५८ टक्के भरते आणि १७.५ वर ६८ टक्के. प्रत्यक्ष इंजिनं याच्या निम्म्याच्या आसपास देतात, पण कल तोच राहतो. जळालेल्या वायूला जितकं जास्त पसरू द्यावं, तितकं जास्त काम मिळतं आणि तितका थंड वायू बाहेर जातो.

मात्र बऱ्याच स्लाइडमध्ये यापुढे एक चुकीचं वाक्य येतं : डिझेल चक्र ऑटो चक्रापेक्षा कार्यक्षम आहे. रेशो सारखाच ठेवला, तर ऑटो चक्रच पुढे असतं. आदर्श डिझेल चक्रात पिस्टन खाली जात असताना समान दाबाखाली इंधन जळतं, त्यामुळे उशिरा जळलेल्या भागाला पसरायला कमी जागा मिळते. १७.५ रेशोवर, ज्वलन चालू असताना जागा दुप्पट झाली असं धरलं, तर कार्यक्षमता ६८ वरून ६३ वर येते. म्हणजे डिझेल इंजिन जिंकतं ते चक्रामुळे नव्हे, तर त्याला उंच रेशो परवडतो म्हणून. आणि परवडतो, कारण त्याला नॉकिंगचं छत नाही. हलक्या भारावर आणखी एक फायदा मिळतो. पेट्रोल इंजिनात वेग कमी करताना थ्रॉटलने हवाच अडवावी लागते आणि अडलेली हवा ओढण्यात काम वाया जातं. डिझेलमध्ये हवा पूर्ण येते, फक्त इंधन कमी फवारलं जातं. आजच्या इंजिनांत ज्वलन समान आकारमान आणि समान दाब यांच्या मधलंच होतं, म्हणून दाब-आकारमान आलेख काढताना मिश्र चक्र दाखवणं जास्त प्रामाणिक ठरेल.

इतिहासात मात्र कार्यक्षमताच आधी आली. निकोलाउस ऑटो यांच्या १८७६ च्या चार स्ट्रोकच्या इंजिनात कॉम्प्रेशन अडीच-तीन पटच होतं. रुडॉल्फ डिझेल यांना वाफेच्या इंजिनांतली उष्णतेची नासाडी सलत होती. १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी हवा २५० वातावरणांच्या दाबापर्यंत नेण्याची कल्पना मांडली; इंधन पेटवण्यासाठी याच्या कितीतरी कमी दाब पुरतो. कार्नोच्या आदर्शाच्या जवळ जाणं हा त्यांचा हेतू होता. त्याच वर्षी १० ऑगस्टला आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या चाचणीत आत स्फोट झाला आणि दाब मोजण्याचं यंत्र उडालं, पण दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं हे सिद्ध झालं. पुढे व्यवहार्य लोखंड आणि सील यांपुढे नमून दाब तीस-पस्तीस वातावरणांवर आणावा लागला. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत त्या इंजिनाने २६.२ टक्के कार्यक्षमता दाखवली. कल्पना कार्यक्षमतेतून सुचली. पण ती खाली उतरत जिथे थांबली, तिथे तिला थांबवलं ते पेट घेण्याच्या गरजेने.

मग आणखी वर का नाही?

रेशो १७ वरून ३० केला, तर कागदावर कार्यक्षमता आणखी वाढते. पण प्रत्येक पायरीला वाढ लहान होत जाते आणि किंमत मोठी. टीव्ही-१ सारख्या इंजिनात पूर्ण भारावर ज्वलनाचा दाब ७० बारपर्यंत गेला, तर ८७.५ मिमी बोअरच्या पिस्टनवर चार टनांहून जास्त भार येतो. तो कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि हेडच्या बोल्टांनी झेलायचा असतो. डिझेल इंजिन वजनदार का, याचं हे उत्तर, आणि ताकदीसाठी कॉम्प्रेशन हे दुसरं उत्तर इथेच उलटं पडतं. जास्त दाब हा निवडीचा परिणाम आहे आणि इंजिन जाड करून तो सोसावा लागतो. दाब वाढला की घर्षण वाढतं, पिस्टनवरची जागा इतकी चपटी होते की उष्णता भिंतींत पळते, आणि ज्वाला जास्त तापल्यावर नायट्रोजनची ऑक्साइडंही वाढतात. जुन्या प्रीचेंबरच्या डिझेल गाड्यांना २१ ते २३ रेशो लागायचा, तो कार्यक्षमतेच्या हौसेने नव्हे. प्रीचेंबरच्या भिंती उष्णता खात, ती भरून काढायला.

म्हणूनच गेल्या काही दशकांत दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकले आहेत. डिझेलमध्ये टर्बोने आधीच दाबलेली हवा, फार जास्त दाबाचे बारीक फवारे आणि ग्लो प्लग यांनी पेटवण्याचा भार वाटून घेतला, तसा रेशो १५-१६ वर आला. पेट्रोलमध्ये सिलिंडरमध्ये थेट फवारा मारून मिश्रण थंड ठेवणं, आणि नॉक सेन्सरने ठिणगी क्षणात मागे घेणं यांमुळे छत उंचावलं. आज १० ते १२ रेशो सर्रास दिसतो. माझदा कंपनीच्या स्कायअ‍ॅक्टिव्ह मालिकेत डिझेल आणि पेट्रोल ही दोन्ही इंजिनं १४ रेशोवर आली. तिथे डिझेलला थंड सुरुवातीसाठी खास ग्लो प्लग लागले, आणि तापेपर्यंत गरम वायूचा थोडा भाग परत सिलिंडरमध्ये घेण्यासाठी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सक्शनच्या वेळीही जरा उघडावा लागला. तळ खाली न्यायचा, तर उष्णता दुसरीकडून आणावी लागते, याचा हा ठोस पुरावा.

गॅरेजमध्ये तळ आणि छत कसे ओळखू येतात

तळाशी आलेलं डिझेल इंजिन आधी सकाळी त्रास देतं. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह बसके झाले, की हवा निसटते, आतलं तापमान पडतं. इंजिन खूप फिरवावं लागतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो. एकदा तापलं की तेच इंजिन बऱ्यापैकी चालतं. मेकॅनिक याला ‘कॉम्प्रेशन गेलं’ म्हणतात. खात्री करायची, तर इंजेक्टर काढून तिथे डिझेलचा प्रेशर गेज लावावा. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही, कारण पेट्रोल इंजिन फिरवताना १०-१२ बार दाखवतं आणि धडधाकट डिझेल २५-३० च्या आसपास. दाब कमी आला, तर सिलिंडरमध्ये अगदी थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजावं. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर गेलेला, नाही वाढला तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे. ऑइल जास्त मात्र होता कामा नये. डिझेलच्या सिलिंडरमध्ये जागाच इतकी कमी असते, की न दबणाऱ्या द्रवाने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

छताला टेकलेलं पेट्रोल इंजिन चढावर बोलतं. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, पूर्ण थ्रॉटलवर धातूवर खडे टाकल्यासारखा आवाज येतो. वेग कमी म्हणजे शेवटच्या मिश्रणाला पेटायला जास्त वेळ, म्हणून गिअर खाली आणला की आवाज थांबतो. बऱ्याच वर्षांच्या इंजिनात कारण कार्बनचा थर असतो; तो जागा खातो आणि रेशो नकळत वाढवतो.

चुकून डिझेल गाडीत पेट्रोल भरलं, तर हाच तर्क लागू होतो. ऑक्टेन चांगला म्हणजे सीटेन वाईट, त्यामुळे डिले लांबतो आणि इंजिन खडखडतं. त्याहून वाईट म्हणजे डिझेलच्या वंगणावर चालणारा उच्च दाबाचा पंप कोरडा पडतो. म्हणून अशी गाडी सुरू न करता टाकी रिकामी करणं हाच उपाय.

या सगळ्यानंतर त्या तक्त्यात एकच रकाना वाढवावासा वाटतो. पेट्रोलच्या ओळीपुढे लिहावं : ‘याहून वर नाही, कारण शेवटचं मिश्रण ठिणगीविना पेटेल.’ डिझेलच्या ओळीपुढे लिहावं : ‘याहून खाली नाही, कारण थंड इंजिनात फवारा मिलिसेकंदात पेटणार नाही.’ पिस्टनच्या डोक्यावरची जागा दोन चित्रांत खऱ्या प्रमाणात काढावी. आणि आपोआप पेटण्याच्या तापमानाशेजारी ते किती वेळात पेटतं हेही छापावं. मग १४ ते २२ हे आकडे बदलले, उद्या एखाद्या नव्या इंजिनाने ते ओलांडले, तरी विद्यार्थी गोंधळणार नाही. तळ कशाने खाली गेला आणि छत कशाने वर गेलं, एवढंच त्याला शोधावं लागेल.